पहिल्यांदा गोटा केला आणि टोपीच्या फटीतून ऊन लागलं

कपाळावर आणि भोवऱ्याभोवती माझे केस जवळपास संपले होते. कानांच्या वर आणि मागे मात्र दाट पट्टा होता. पट्टा वाढला की मधलं टक्कल जास्तच उठून दिसायचं, म्हणून दर पंधरा दिवसांनी तो बारीक करून घ्यायचो. 39 व्या वर्षी ठरवलं, आता सगळंच काढू.

पहिली अडचण घरातलीच होती. आमच्याकडे वडील हयात असताना मुलानं डोकं भादरायचं नाही. आईनं ऐकताक्षणी कानावर हात ठेवले. "आप्पा समोर धडधाकट बसलेत आणि तू गोटा करून गावातनं फिरणार? लोक दारात येऊन बसतील की रे!" तिचं चुकीचं नव्हतं. गावात चकोट केलेला माणूस दिसला की एक तर तो तिरुपतीला जाऊन आलेला असतो, नाहीतर घरात सुतक असतं. शेवटी आप्पाच म्हणाले, "करू दे त्याला. मिशी तेवढी ठेव म्हणावं, म्हणजे कुणी काही विचारणार नाही." मिशी ठेवली. आईनं शनिवार आणि अमावास्या टाळायला लावली आणि मार्चमधला एक रविवार ठरला.

न्हाव्याकडे बसलो असतो तर दहा मिनिटांत काम झालं असतं. पण गोटा दर दोन-तीन दिवसांनी करावा लागतो आणि तेवढ्यांदा दुकानात जाणं मला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून पहिल्यापासून घरीच शिकायचं ठरवलं. तुम्ही दुकानात करणार असाल तर वस्तऱ्यात नवीन पातं आपल्यासमोर घालून घ्या. डोक्यावर बारीक कापलं जातंच, आणि जुन्या पात्यावरच्या रक्तातून कावीळ बी, सी किंवा एचआयव्हीसुद्धा येऊ शकतो. हे सांगायला अजिबात संकोच करू नका.

रविवारी सकाळी आधी ट्रिमर कंगव्याशिवाय फिरवला आणि केस अगदी खुंटाएवढे केले. लांब केसांवर थेट रेझर चालवला की तो दोन हातांतच भरतो, मग माणूस जोर लावतो आणि तिथेच कापतो. ट्रिमर झाल्यावर डोकं बोटांनी चाचपून घेतलं. कानामागे हाडाचा उंचवटा लागला, लहानपणी पायरीवर पडलो त्याची जुनी खोक लागली. माझ्या बायकोला भोवऱ्याच्या डाव्या बाजूला तीळ दिसला, डाळीच्या दाण्याएवढा, किंचित वर आलेला. तो कधीपासून तिथे होता कोण जाणे, आम्हा दोघांनाही माहीत नव्हता. असा उठलेला तीळ रेझरच्या वाटेत आला तर सोलून निघतो, म्हणून तिथे पातं न्यायचंच नाही असं ठरलं.

मग केसांचा रोख पाहिला. दाढी करताना आपण हे सवयीनं करतो, डोक्याच्या बाबतीत मात्र काहीच माहीत नसतं. खुंटांवरून तळहात फिरवायचा. ज्या दिशेनं हात गुळगुळीत जातो तो रोख आणि जिथे खरखरतं ती उलटी बाजू. माझ्या डोक्यावर बाजूचे केस खाली, पुढचे पुढे आणि भोवऱ्याचे गोल फिरत जाणारे निघाले. मानेवरचे मात्र खालून वर, तेही थोडे तिरपे. मला वाटलं होतं तिथलेही खालीच येत असतील. मानेवर सवयीनं वरून खाली हात मारला असता तर तो उलटा हात झाला असता.

कोमट पाण्यानं डोकं चार-पाच मिनिटं भिजवलं, कारण भिजलेला केस मऊ पडतो आणि ओढला न जाता कापला जातो. फेसाऐवजी पारदर्शक जेल घेतलं, कारण खालचा तीळ आणि खोक दिसायला हवी होती. रेझर साधा कार्ट्रिजचा, पातं कोरं. वरून सुरुवात केली, मग बाजू, सगळ्यात शेवटी मान. मानेपर्यंत पोचेतो तिथला केस जेलखाली चांगला भिजतो, म्हणून राठ भाग शेवटी. हात दोन-अडीच इंचांचे, फक्त रेझरच्या वजनानं, आणि दर दोन हातांनंतर पातं पाण्यात हलवायचं. मोकळ्या हातानं कातडी ताणून धरायची. कानामागे कान पुढे दुमडायचा, मानेच्या वळीपाशी हनुवटी छातीला लावायची म्हणजे वळी उघडते.

पहिला हात पूर्ण रोखानं. नंतर पुन्हा जेल लावून दुसरा आडवा. उलटा हात पहिल्या वेळी मारायचाच नाही. त्यानं डोकं तुळतुळीत होतं खरं, पण केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो आणि वाढताना आतच वळतो. तिथे मग लाल, दुखरी पुळी येते. मानेवर हे सगळ्यात जास्त होतं. कुणाला मानेवर अशा पुळ्या वारंवार येत असतील, त्या कडक गाठी होऊन राहत असतील, तर त्यानं मानेला रेझर लावू नये, ट्रिमरवरच थांबावं आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं. त्या गाठींचे वण कायमचे राहतात.

मला दोनच ठिकाणी कापलं, दोन्ही कानामागच्या उंचवट्यावर. गार पाणी, मग ओली तुरटी दाबून धरली, रक्त थांबलं. दाढीनंतरचं झोंबणारं लोशन लावलं नाही, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावलं. सगळ्याला पाऊण तास गेला. आरशात पाहिलं तर डोकं दोन रंगांचं. वर्षानुवर्षं उघडं असलेलं मधलं टक्कल सावळं आणि पट्ट्याखालची कातडी फिकट. त्या फिकट कातडीनं आजवर ऊन पाहिलंच नव्हतं. हे डोळ्यांना दिसत असूनही मी त्याचा विचार केला नाही.

मी ठिबक सिंचनाचं काम करतो. सोमवारी सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागेत ठिबकच्या लॅटरल नळ्या तपासायला गेलो. डोक्यावर क्रिकेटची टोपी होती, मागे पट्टा बांधायची फट असते तशी. अकरा ते साडेबारा, बहुतेक वेळ वाकून. तेव्हा काहीच जाणवलं नाही. रात्री उशीवर डोकं टेकलं आणि कळ आली. बायकोनं पाहिलं तर डोक्याच्या मागे लालभडक अर्धचंद्र उमटला होता, टोपीच्या फटीच्या नेमक्या आकाराचा. कानांच्या कडाही तशाच. उन्हाचा चटका लगेच दिसत नाही, काही तासांनी लाली चढते आणि दुसऱ्या दिवशी ती सगळ्यात जास्त असते. म्हणून "अजून काही होत नाही, थोडा वेळ थांबू" या अंदाजावर चालता येत नाही.

गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, मॉइश्चरायझर लावलं, पाणी भरपूर प्यायलो. आईनं खोबरेल तेल आणलं होतं, पण ताज्या चटक्यावर तेल नको म्हणून तिला समजावून परत ठेवलं. फोड आले नाहीत हे नशीब. फोड, ताप किंवा मळमळ झाली असती तर डॉक्टरकडे जावंच लागलं असतं. पाचव्या दिवशी साल निघाली. पूर्ण बरं होईपर्यंत, म्हणजे दहा दिवस, मी रेझर लावला नाही. सोललेल्या कातडीवर पातं चालवणं म्हणजे जखम वाढवणं.

तेव्हापासून टोपी बदलली. चौफेर काठाची, घट्ट विणीची, मागे फट नसलेली. उजेडाकडे धरून पाहायची. विणीतून ठिपके दिसले तर तेवढं ऊन डोक्यावर येणारच. आप्पांची गांधी टोपी डोकं झाकते, कान आणि मान उघडीच राहते, म्हणून कधी ती घातली तर बागेत मी टोपीवरून उपरणंही घेतो.

सनस्क्रीन एसपीएफ 50 चं, घामात टिकणारं. तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा काढायच्या. तेवढं डोकं, कान आणि मानेला लागतं, चेहऱ्याचं वेगळं. थोडंसं चोपडलं तर डब्यावरचा आकडा खरा ठरत नाही. निघण्याच्या पंधरा मिनिटं आधी लावतो आणि उन्हात दर दोन तासांनी, घाम पुसला की पुन्हा. केस नसल्यानं घाम सरळ डोळ्यांत उतरतो आणि बरोबर सनस्क्रीनही आणतो, डोळे चुरचुरतात. म्हणून कपाळाच्या पट्टीला झिंक ऑक्साइडचं लावतो. ते पांढरं दिसतं, पण झोंबत नाही. ताज्या गोट्यावरही सनस्क्रीन चुरचुरतं, त्यामुळे मी आता गोटा रात्री करतो. सकाळपर्यंत कातडी शांत झालेली असते.

निगा फारशी नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे तिसऱ्या दिवशी उशीचा अभ्रा खुंटांना चिकटायला लागतो. तीच माझी खूण. पातं पाच-सहा वेळा वापरतो. ते ओढायला लागलं की मोजत न बसता बदलायचं. वापरल्यावर झटकून कोरडं ठेवायचं, न्हाणीघरात ओलं सोडायचं नाही. डोकं रोज सौम्य साबणानं धुवायचं. माझा कोंडा जाईल असं वाटलं होतं, तो गेला नाही, कारण तो केसांचा नसतो, कातडीचा असतो. भोवऱ्यापाशी पापुद्रे दिसले की डॉक्टरांनी दिलेला किटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा लावतो. हेल्मेट थोडं सैल झालं आणि आतला फोम टाळूला घासायला लागला. आत पातळ सुती टोपी घालतो, रोज धुतलेली.

तो तीळ दाखवून आलो. डॉक्टरांनी भिंगातून पाहिला, काळजीचं नाही म्हणाले, पण आकार, कडा किंवा रंग बदलला, खाज आली किंवा रक्त आलं तर लगेच या, असं सांगितलं. मला तो दिसत नाही. म्हणून दर महिन्याच्या 1 तारखेला बायको त्याच्या शेजारी एक रुपयाचं नाणं धरते आणि मोबाइलवर फोटो काढते. सात फोटो झालेत. नाण्याच्या तुलनेत तो अजून तेवढाच आहे.