लाइट गेल्यावरही पाणी मोजणारा टोटलायझर

मांजरा खोऱ्यातल्या एका छोट्या शहराची पाणीयोजना. धरणावर पंपहाऊस, तिथून 400 मिलिमीटरची पाइपलाइन एक टेकडी ओलांडून जलशुद्धीकरण केंद्रात उतरते. धरणाकडे ऑरिफिस प्लेट, म्हणजे पाइपात बसवलेली भोकाची चकती, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मोजून प्रवाह सांगणारा डीपी ट्रान्समीटर, शहराकडे इलेक्ट्रोमॅग्नेटिक, म्हणजे आमच्या भाषेत मॅग मीटर. दोन्ही आकडे जुळत नव्हते. एका दिवसाचा हिशेब माझ्यापुढे ठेवला होता: धरणावर 11,520 घनमीटर, शहरात 9,235. मधले 2,285 घनमीटर गेले कुठे?

ते शेतकऱ्यांनी उचलले, असं सगळ्यांचं ठरलेलंच होतं. पाइपलाइनच्या कडेच्या काही जणांना नोटिसाही गेल्या होत्या. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते या भागात कुणी विसरलेलं नाही. पाणीचोर म्हणून नाव लागणं इथे फार जड जातं. मला बोलावलं होतं ते वेगळ्याच कामाला. धरणावरचा डीपी काढून तिथेही मॅग बसवायचा, म्हणजे चोरी पुराव्यानिशी सिद्ध होईल, असा त्यांचा हिशेब होता.

मी आधी डीपी तपासला. 600 घनमीटर प्रतितासाला 2500 मिलिमीटर पाण्याचा दाबफरक, अशी त्याची रेंज. दोन पंपांवर 480 चा प्रवाह असतो, तेव्हा दाबफरक 1600 येतो. प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो म्हणून. चकतीपासून ट्रान्समीटरपर्यंत दाब नेणाऱ्या बारीक नळीत, म्हणजे इम्पल्स लाइनमध्ये, गाळ बसून ट्रान्समीटरचा शून्याचा बिंदू पंधरा मिलिमीटरने वर सरकला होता. पण 1600 मध्ये पंधराने काय होतं? 480 च्या जागी 482. एवढ्याने दोन हजार घनमीटरचं कोडं सुटत नाही.

मग महिन्याचं रजिस्टर उघडलं आणि तिथे थबकलो. धरणावरचा आकडा रोज 11,500 च्या आसपास. पावसाळी वाऱ्यात दुपारभर लाइट गेलेली असो नाहीतर दिवसभर टिकलेली असो, आकडा हलत नव्हता. 480 गुणिले 24 म्हणजे बरोबर 11,520. म्हणजे प्रवाहाची बेरीज ठेवणाऱ्या टोटलायझरच्या मते पंप कधी बंदच पडत नव्हते!

पंप ऑपरेटर मामांनी स्वतःची वही काढली. त्या दिवशी दोन ते साडेसहा लाइट नव्हती. "लाइट कधी गेली, कधी आली, समदं लिहितो साहेब. पण ही वही बघतंय कोण?" त्यांच्या वहीतले साडेएकोणीस तास गुणिले 480, म्हणजे 9,360. शहराच्या आकड्याच्या अगदी जवळ. लाखोंची यंत्रणा उभी करणाऱ्यांपैकी एकानेही ही वही मागितली नव्हती, याचा मला अजून राग आहे.

ही बेरीज पीएलसी, म्हणजे पंपहाऊसमधला छोटा कंट्रोल संगणक, करायचा आणि दोष त्याच्या प्रोग्राममध्ये होता. बेरीज करताना तो आताची वेळ वजा मागची वेळ, गुणिले प्रवाह असं करायचा. मागची वेळ आणि प्रवाह ही दोन्ही मूल्यं लाइट गेल्यावरही मेमरीत टिकतील अशी ठेवलेली. पंपहाऊसला यूपीएस नाही. लाइट जाते तेव्हा पीएलसी क्षणात बंद पडतो, प्रवाह खाली येताना त्याला दिसतच नाही. मेमरीत 480 गोठून राहतात. साडेचार तासांनी लाइट आली की ट्रान्समीटरचं नवं रीडिंग आत यायच्या आधीच पहिला स्कॅन, म्हणजे प्रोग्रामची पहिली फेरी, होतो आणि साडेचार तास गुणिले 480, म्हणजे 2,160 घनमीटर एका झटक्यात जमा. पंप तेव्हा सुरूही झालेले नसतात.

लिहिणाऱ्याचा हेतू मला कळतो. फक्त पीएलसी बंद पडला आणि पंप चालूच राहिले, तर मधलं पाणी सुटू नये म्हणून त्याने ते केलं असणार. पण इथे पंप आणि पीएलसी एकाच फीडरवर आहेत.

खात्रीसाठी चालू पंपांवर मुख्य स्विच पाडला. नुसता पीएलसी बंद करून हे कळत नाही, कारण मग पाणी खरंच वाहत राहतं आणि वाढलेला आकडा बरोबरच ठरतो. दहा मिनिटांनी स्विच वर केला. पंप थंड, आणि टोटलायझर 80 घनमीटरने पुढे. मामा माझ्याकडे बघत राहिले.

उरले 125 घनमीटर. त्याचं उत्तर टेकडीपलीकडे होतं. लाइट जाते तेव्हा टेकडीच्या माथ्यावरचा एअर व्हॉल्व्ह हवा आत घेतो आणि पुढची एक किलोमीटर लाइन उताराने केंद्रात रिकामी होते. 400 च्या एका किलोमीटर लाइनमध्ये साधारण 125 घनमीटर पाणी मावतं. मॅग मीटरची जुनी बेरीज त्याच्या मेमरीत टिकते, पण वीज नसली की चुंबकीय क्षेत्र नाही, मग मोजणीही नाही. ते पाणी शहराला मिळतं, पण कागदावर येत नाही.

प्रोग्राम असा बदलला:

```
IF FirstScan THEN
  LastMs := NowMs;
END_IF;
dt := NowMs - LastMs;
LastMs := NowMs;
IF AI_OK AND dt <= 2000 THEN
  Frac := Frac + Flow * DINT_TO_REAL(dt) / 3600000.0;
END_IF;
Whole := REAL_TO_DINT(Frac - 0.5);
IF Whole > 0 THEN
  TotalM3 := TotalM3 + Whole;
  Frac := Frac - DINT_TO_REAL(Whole);
END_IF;
```

लाइट गेल्यावर टिकतात ते फक्त `TotalM3` आणि `Frac`. ट्रान्समीटरचा सिग्नल चार मिलिअँपिअरच्या, म्हणजे शून्य प्रवाहाच्या पातळीच्या, बराच खाली असेल तर `AI_OK` बेरीज थांबवतो. पूर्ण घनमीटर पूर्णांकात वेगळे ठेवले, कारण त्यांना वर्षभराचा आकडा हवा होता. 32 बिटांच्या दशांश संख्येत बेरीज 41,94,304 च्या पुढे गेली की शेजारच्या दोन संख्यांमध्ये अर्ध्याचं अंतर पडतं. दर सेकंदाला येणारे 0.133 त्यात मिळवले तरी बेरीज जागची हलत नाही.

मग धरणावर मॅग हवा का? हवा, पण चोरी पकडायला नाही. उन्हाळ्यात व्हॉल्व्ह आवळून 150 वर चालवतात, तेव्हा दाबफरक उरतो फक्त 156 मिलिमीटर. तेच पंधरा मिलिमीटर तिथे 150 चे 157 दाखवतात. गढूळ पाण्यात इम्पल्स लाइन पुन्हा चोंदणारच. शिवाय ही ऑरिफिस 480 वर सुमारे एक मीटर हेड, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब, कायमचं खाते, म्हणजे पंपाची जवळपास दोन किलोवॉट वीज. मॅगमध्ये पाण्याच्या वाटेत काहीच नसतं. मात्र पाइप पूर्ण भरलेला हवा आणि द्रव विद्युतवाहक हवा. म्हणून साखर कारखान्यातल्या वाफेला मॅग चालत नाही, तिथे डीपी मी आजही सुचवतो. इथे मॅग बसवाल तर बेरीज मीटरचीच धरा, पीएलसीने ती नुसती वाचावी. दोन्ही टोकांच्या मीटरांना बॅटरी द्या आणि रिकामा पाइप ओळखण्याची सोय चालू ठेवा, असं लिहून दिलं.

परतताना नोटीस मिळालेल्यांपैकी एक काका रस्त्यात भेटले. "मोटार विहिरीवर हाय साहेब, लाइनीवर न्हाई," म्हणाले. त्यांनी चोरी केलीच नाही, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. मीटरवरून तेवढं कळत नाही. पण ज्या 2,285 घनमीटरच्या जोरावर नोटीस निघाली, त्यातलं कुणी चोरलेलं एक घनमीटरही मला सापडलं नाही. अहवालात पहिल्याच पानावर हे लिहून मामांच्या वहीच्या प्रती जोडल्या. नव्या मॅगची निविदा निघाली आहे. नोटिसा अजून मागे घेतलेल्या नाहीत.