तुम्ही विचारलंत म्हणून : कागदावरचा फोटो आणि पडद्यावरचा फोटो

“संगणकावर ठसठशीत दिसणारा फोटो छापून आला की मऊ का वाटतो? आणि छपाईसाठी तयार केलेली फाइल वेबवर टाकली की ती बोचरी का दिसते?”

शार्पनिंग म्हणजे नवा तपशील निर्माण करणे नव्हे. एखाद्या कडेच्या गडद बाजूला आणखी गडद आणि उजळ बाजूला आणखी उजळ अशी एक बारीक रेघ सॉफ्टवेअर ओढते आणि आपल्या डोळ्याला ती कड धारदार झाल्यासारखी वाटते. ही रेघ स्वतंत्रपणे दिसू नये, पण तिचा परिणाम मात्र जाणवावा, एवढीच सारी कसरत आहे. त्यामुळे ती किती पिक्सेल रुंद आहे याला फारसा अर्थ नसतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यासमोर ती किती मिलिमीटर रुंद होणार आहे, हे ठरवावे लागते.

निरोगी डोळ्याला अर्ध्या मीटरवरून साधारण 0.15 मिलिमीटरपर्यंतचा तपशील वेगळा ओळखता येतो. 24 इंची फुल एचडी पडद्यावरचा एक पिक्सेल सुमारे 0.28 मिलिमीटरचा असतो, म्हणजे तो सहज दिसतो. दर इंचाला 300 पिक्सेल या हिशेबाने छापलेल्या कागदावर तोच पिक्सेल 0.085 मिलिमीटरचा होतो, म्हणजे त्या अंतरावरून तो एकटा दिसतच नाही. पडद्यावर एक पिक्सेलभर रुंदीची रेघ पुरेशी, किंबहुना जास्तच ठरते आणि कागदावर ती विरून जाते. शिवाय इंकजेटची शाई कागदात थोडी पसरते, मॅट कागदात अधिक आणि ग्लॉसीत कमी, त्यामुळे उरलीसुरली धारही बोथट होते.

त्रिपुरारी पौर्णिमेला पेटवलेल्या दीपमाळेचा एक उभा फोटो उदाहरणादाखल घेऊ. आयएसओ 6400, कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा, म्हणजे फाइल 4000 गुणिले 6000 पिक्सेलची. या चित्रात पणत्यांच्या ज्योती आहेत, काळ्या पाषाणाचा खरखरीत पोत आहे आणि मागे गडद निळे आकाश आहे. नॉइजच्या दृष्टीने हा जोड अवघड असतो, कारण आकाशातला नॉइज घालवावासा वाटतो आणि दगडाचा पोत तर सॉफ्टवेअरला नॉइजसारखाच भासतो.

रॉ फाइलवर काम करताना मी पहिल्यांदा रंगांचा नॉइज काढतो. सावलीतल्या दगडावर उमटणारे लाल-हिरवे डाग बहुतेक वेळा कित्येक पिक्सेल पसरलेले असतात. त्यामुळे फोटो लहान केला तरी ते टिकतात आणि छापला तरी दिसतात. ते दोन्हींकडे नकोसेच असतात. उजेडाचा नॉइज, म्हणजे रंगहीन बारीक रवा, याची गोष्ट निराळी आहे. तो बेताने, लाइटरूममध्ये साधारण 15 ते 20 पर्यंतच, कमी करावा, असे माझे ठाम मत आहे. पडद्यावर फोटो शंभर टक्के मोठा करून पाहिला की हा रवा फार खटकतो आणि हात आपोआप स्लायडर पुढे ढकलतो. पण अशा पडद्यावर आपण तो छापील आकाराच्या तिप्पटीहून मोठा पाहत असतो. 12 गुणिले 18 इंचांच्या छपाईत त्यातला बहुतांश रवा डोळ्याच्या आवाक्याबाहेर जातो. उलट तो पुसायला गेलेल्या पाषाणाला मेणाची झिलई चढते आणि ती मात्र कागदावर लांबूनही कळते.

याच टप्प्यावर थोडे प्राथमिक शार्पनिंग करायचे, ते लेन्स आणि सेन्सरमुळे आलेला मऊपणा भरून काढण्यापुरतेच. त्यात मास्किंग महत्त्वाचे आहे. ऑल्ट कळ दाबून मास्किंगचा स्लायडर सरकवला की शार्पनिंग लागणारा भाग पांढरा आणि वगळलेला भाग काळा दिसतो. आकाश पूर्ण काळे होईपर्यंत आणि दगडांच्या सांध्यांच्या कडा पांढऱ्या राहतील इतपत तो पुढे न्यावा, म्हणजे आकाशातल्या रव्याला धार चढत नाही. ही झाली मूळ प्रत. अंतिम आकाराचे शार्पनिंग हिच्यावर करून ठेवायचे नाही. आकार बदलल्यानंतर प्रत्येक प्रतीवर ते वेगळे करायचे.

वेबसाठी हा फोटो 1000 गुणिले 1500 पिक्सेलचा केला, तर मूळच्या सोळा पिक्सेलांचा मिळून एक पिक्सेल होतो आणि या सरासरीमुळे यादृच्छिक नॉइज साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे वेबच्या प्रतीसाठी उजेडाच्या नॉइजवर आणखी उपाय करण्याची गरज सहसा पडत नाही. लहान करताना हरवलेली धार मात्र परत आणावी लागते : अनशार्प मास्कमध्ये रेडियस 0.3, अमाउंट 80 ते 100 टक्के. मग शंभर टक्क्यांवर पाहून दीपमाळेच्या काठाशी आकाशात पांढरी किनार उमटली आहे का, ते तपासावे. उमटली असेल तर अमाउंट कमी करावी, कारण जेपीईजीच्या आकुंचनात अशा किनारीभोवती चौकोनी डाग पडतात. आकाशातला नॉइज पूर्ण घोटून काढणेही वेबवर अंगाशी येते : अतिगुळगुळीत गडद आकाशात निळ्या छटांचे पट्टे दिसू लागतात, आणि थोडा रवा राहिला असेल तर ते लपतात.

12 गुणिले 18 इंचांच्या छपाईत दर इंचाला 333 पिक्सेल पडतात, म्हणजे फाइल जवळपास मूळ आकारातच जाते आणि सरासरीचा फायदा मिळत नाही. इंकजेटवर मॅट कागदासाठी मी रेडियस 1.5 ते 2, अमाउंट 120 टक्क्यांच्या आसपास आणि थ्रेशोल्ड 2 ते 3 ठेवतो. ही फाइल शंभर टक्क्यांवर बोचरी दिसते आणि तशी दिसायलाच हवी; ती 25 टक्क्यांवर पाहावी, म्हणजे छापील आकाराच्या जवळ जाता येते. हीच फाइल तशीच लहान करून वेबवर टाकली, तर त्या रेघा फोटोसह आकुंचन पावतात आणि त्यावर वेबचे शार्पनिंग चढले की चित्र करकरीत होते. फोटो लॅबमधला लस्टर किंवा ग्लॉसी कागद प्रकाशसंवेदी असतो. त्यावर शाई नसते, त्यामुळे पसरण्याचा प्रश्न नसतो, आणि रेडियस 1 च्या आसपास पुरतो. मात्र लॅबचे यंत्र स्वतःहून शार्पनिंग करते का, हे विचारून ते बंद करायला सांगावे.

कागद नवा असेल तर आकड्यांवर विसंबू नये. त्याच फाइलमधून ज्योत, दगड आणि आकाश तिन्ही येतील असा तुकडा, आकार न बदलता कापावा, वेगवेगळ्या अमाउंटचे असे तीन-चार तुकडे एका लहान कागदावर शेजारी लावावेत आणि प्रत्येकाखाली त्याचा आकडा छापावा. हातातल्या अंतरावरून पाहिले की निवड लगेच होते.

याच फाइलचा 24 गुणिले 36 इंचांचा मोठा प्रिंट काढायचा झाला, तर दर इंचाला 166 पिक्सेलच उरतात आणि आकार वाढवताना नॉइजचे कणही वाढतात. म्हणून अशा वेळी नॉइज थोडा अधिक, आणि आकार वाढवण्याआधीच, काढावा. शार्पनिंग मात्र आकार वाढवल्यावरच करावे. तो प्रिंट दीड मीटरवरून पाहिला जाणार असेल, तर डोळ्याची मर्यादा सुमारे 0.44 मिलिमीटरवर जाते. आकार दुप्पट करून फाइल पुन्हा 333 वर नेली, तर तेवढी रुंदी म्हणजे सुमारे सहा पिक्सेल होतात, त्यामुळे रेडियस 3 पर्यंत नेला तरी ती रेघ डोळ्यांत भरत नाही.