वेल्डिंग मशीन अपडेट: दोष मशीनचा नव्हताच, प्लगचा होता

मागच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं ना की १० नंबरचा रॉड लावला की आर्क मरते, रॉड चिकटतो आणि मशीन बोंबलते, तर ते कोडं सुटलं एकदाचं. परवा डवऱ्याचं पातं जोडत होतो, तिसऱ्या रॉडला घराकडून जळका वास आला, जाऊन पाहतो तर एक्सटेंशनचा १६ अँपियरचा प्लग बोर्डात वितळून बसलेला.

घर ते शेड २५ मीटर, अडीच स्क्वेअरची वायर. नवीन प्लग लावला आणि पोराला १२० अँपियरवर रॉड चालवायला सांगून मी मल्टीमीटर लावला, घरच्या बोर्डाच्या दुसऱ्या सॉकेटात २१६ व्होल्ट आणि शेडच्या डब्यातल्या रिकाम्या सॉकेटात १९७, म्हणजे १९ गेले कुठं? क्लॅम्प मीटरवर करंट २३ अँपियर. एवढ्या वायरचा जाण्या-येण्याचा रेझिस्टन्स साधारण ०.४ ओहम धरला तर वायरीत ९ व्होल्ट जातात. उरलेले १० व्होल्ट जोडांत, मुख्य म्हणजे त्या प्लग-सॉकेटात, १० गुणिले २३ म्हणजे २३० वॅट उष्णता एवढ्याशा जागेत! नवीन प्लग लावून काय होते, सॉकेटच्या पत्त्या भाजून ढिल्या झालेल्या होत्या. हात लावून बी समजते, पिना चटका देतात आणि वायर फक्त कोमट, तर जोड खराब. पूर्ण वायर गरम असंल तर वायरच बारीक. (हात लावायचा तो मेन बंद करून, प्लग काढल्यावर.)

१२ नंबरवर हे कधी झालं नाही कारण ८० अँपियरला मशीन १४च्या आसपास ओढते, १६ च्या सॉकेटला ते झेपते.

गावातला वायरमन म्हणे, "काहून खर्च करता भाऊ, ३२ चा एमसीबी टाकून देतो". मी नाही म्हटलं, एमसीबी वायर वाचवायले असते, अडीचच्या वायरीवर ३२ टाकला तर प्लगच्या जागी वायर जळंल.

मग अमरावतीहून ३ कोअर ६ स्क्वेअर तांब्याची केबल आणली, दुकानदार अॅल्युमिनियमची गळ्यात मारत होता, स्वस्त आहे पण स्क्रूखाली दबून ढिली होते, मला नकोच. घराकडचा प्लगच काढून टाकला, केबल सरळ डबल पोल एमसीबीत, टोकाला थिंबल दाबून. शेडमध्ये निळं ३२ अँपियरचं इंडस्ट्रियल सॉकेट, पिना जाड आणि अर्थची अजून जाड. काल चाचणी घेतली, घरी २१६ आणि शेडमध्ये २११! १० नंबरचा रॉड शेवटपर्यंत एका दमात गेला, स्लॅग आपोआप उचलला.

एमसीबी ३२ चा लावलाय, पण लिहिता लिहिता लक्षात आलं की मशीनची स्वतःची शेपूट अडीचचीच आहे आणि मी १२० च्या वर जात नाही, म्हणजे २५ चा सी कर्व्ह बरा. उद्या तोच बदलतो, आणि शेडच्या डब्यावर एक छोटं व्होल्टमीटर बसवतो, संध्याकाळी मोटारपंप सुरू झाले की व्होल्टेज किती पडते ते रॉड लावायच्या आधीच दिसंल.