आमची वाटचाल : ‘एकदाच घातलाय’ पासून अस्तर उलटून दाखवण्यापर्यंत

वापरलेले लग्नाचे लेहेंगे विकायचं आमचं काम सुरू झालं ते माझ्याच लेहेंग्यापासून. दादरच्या हिंदमाताला दोन दिवस फिरून घेतलेला, रिसेप्शनला चार तास घातलेला, आणि मग तीन वर्षं कपाटाचा अख्खा वरचा कप्पा अडवून बसलेला. २०१७ मध्ये तो विकायचा ठरवला आणि नणंद म्हणाली वहिनी माझाही टाका त्यातच, मग तिच्या मैत्रिणीचा आला, मग मावसबहिणीचा, आणि डोंबिवलीतल्या आमच्या मागच्या खोलीत सहा महिन्यांत अकरा लेहेंगे लटकायला लागले. तेव्हा आम्ही प्रत्येकाखाली एकच ओळ लिहायचो, ‘एकदाच घातलाय, ड्रायक्लीन केलेला, कंडिशन एकदम नव्यासारखी.’ मनापासून खरं वाटायचं ते आम्हाला, कारण देणारी जे सांगते तेच आम्ही पुढे लिहीत होतो.

त्या एका ओळीमुळे २०१९ ला आम्ही तोंडावर पडलो. पिस्ता रंगाचा रॉ सिल्कचा लेहेंगा होता, सोळा कळ्यांचा, म्हणजे सोळा उभे तुकडे जोडून शिवलेला, प्रत्येक कळीवर खाली जरदोसीचा सारखाच बुट्टा. साताऱ्याच्या एका मुलीने घेतला, लग्नाच्या आठ दिवस आधी इस्त्रीला दिला आणि परत आला तर गुडघ्याच्या खाली दोन कळ्यांवर तपकिरी शिंतोडे, तळहाताएवढ्या भागात. तिने फोटो पाठवला तर माझा पहिला विचार हाच की हिने चहा सांडलाय आणि आता आमच्यावर ढकलतेय, आणि तसं मी फोनवर बोलूनही गेले, त्याचं मला आजही वाईट वाटतं. मग ज्या ताईंचा तो लेहेंगा होता त्यांना विचारलं. त्या सहज म्हणाल्या, हो, रिसेप्शनला कुणाच्या तरी हातून लेमन सोडा उडाला होता, पण सुकल्यावर काही दिसलंच नाही, आणि नंतर ड्रायक्लीन केलंच की.

इथे खरी मेख आहे आणि ती मला एका जुन्या ड्रायक्लीनरवाल्या काकांनी समजावली. ड्रायक्लीनमध्ये पाणी नसतं, सॉल्व्हंट असतं, ते तेल तूप मेकअप काढतं पण साखर काढत नाही कारण साखर विरघळते पाण्यात. सोडा, सरबत, आईस्क्रीम, गुलाबजामचा पाक, हे सुकलं की डोळ्याला दिसत नाही, ड्रायक्लीन होऊन परत आलं तरी साखर तिथेच असते, आणि मग महिन्यांनी पडून पडून किंवा गरम इस्त्री लागली की ती तपकिरी होते. म्हणजे त्या मुलीने काहीच केलं नव्हतं, लेहेंगा आमच्याकडून गेला तेव्हाच डाग त्यात होता. आम्ही पूर्ण पैसे परत केले, कुरिअरचे सुद्धा, आणि लेहेंगा परत आणला, त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते.

त्या दिवसापासून आम्ही ‘ड्रायक्लीन केलाय का’ असं विचारणं बंद केलं. आता विचारतो की काय सांडलं होतं, कधी सांडलं, आणि द्यायच्या आधी ड्रायक्लीनरला तो डाग दाखवला होता का. दाखवला असेल तर तो त्या जागेवर आधी वेगळं हाताने काम करतो आणि मगच मशीनला टाकतो, नसेल दाखवला तर लेहेंगा बाकी कपड्यांबरोबर सरसकट मशीनला जातो. पोरी लपवतात असं नाही, त्यांना ती आठवण महत्त्वाची वाटतच नाही. म्हणून आम्ही स्वतः खिडकीशी लेहेंगा आडवा धरून तिरक्या उजेडात बघतो आणि हात फिरवतो, साखर सुकलेली जागा बोटांना किंचित कडक लागते. रॉ सिल्कवर नुसतं पाणी पडलं तरी कधीकधी त्याची कडा उमटते, ती पण लिहितो, आणि हळद असेल तर हळद लिहितो. हळदीच्या डागाला घरी साबण लावला असेल तर तो लाल होऊन बसतो, तसा आला तर फोटो जवळून काढतो, दुरून नाही.

आता किती वेळा घातलाय त्याबद्दल. ‘एकदा’ या शब्दाला काही अर्थ नाही हे आम्हाला शंभरेक पीस हातातून गेल्यावर कळलं. एसी हॉलमध्ये तीन तास स्टेजवर उभं राहणं पण एकदाच, आणि मे महिन्यात लॉनवर संगीतला चार तास नाचणं पण एकदाच. म्हणून आम्ही तास, जागा आणि महिना लिहितो, आणि कुणी कुणी घातला ते, कारण नंतर खूपदा समजतं की नवरीने एकदा घातला, पण आधी प्री-वेडिंग शूटला नदीकाठी घातला होता आणि नंतर चुलत बहिणीने साखरपुड्याला नेला. कपडा सांगतोच हे. घेराची आतली कडा बघायची, बाहेरची नाही, तिथे मातीची रेघ आणि हिलने अडकून सुटलेले धागे असतात. ब्लाऊज उलटा करून काखेतलं अस्तर बघायचं, आणि ओढणीच्या खांद्याच्या जागी सेफ्टी पिनची भोकं मोजायची. एका वेळच्या पिना एका पट्ट्यात असतात, दोन वेगळ्या जागी असतील तर ती दोनदा लागलीये.

आणि ‘एकदाही न घातलेला’ म्हणजे नवा असं पण नाही. २०२० मध्ये लग्नाला ५० माणसांची मर्यादा होती तेव्हा घेऊन ठेवलेले कितीतरी रिसेप्शनचे लेहेंगे घरीच राहिले, ते आमच्याकडे दोन दोन वर्षांनी आले, टॅग सकट. त्यात वेलवेटवर घडीची रेघ बसलेली, घेर फुगवणारी आतली कॅनकॅनची जाळी चपटी झालेली, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्याने जरीकाम काळवंडलेलं. त्यांचं वर्णन लिहायला मला घातलेल्या लेहेंग्यापेक्षा जास्त वेळ लागला.

सगळ्यात जास्त प्रश्न येतो तो ‘मला होईल का’ हा, आणि त्याचं उत्तर साईजमध्ये नसतं, मायेत असतं, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडात. हे आमच्या शिंपी मास्तरांनी शिकवलं. ब्लाऊज उलटा करायचा, बाजूच्या शिवणीची माया इंचपट्टीने मोजायची. समजा एका पदराला एक इंच माया आहे, त्यातली अर्धा इंच शिवणीला ठेवावीच लागते नाहीतर नाचताना उसवेल, म्हणजे सुटला अर्धा इंच. असे पदर चार, दोन्ही बाजूंचे पुढचा आणि मागचा, म्हणून एकूण दोन इंच वाढतो. चौतीसचा ब्लाऊज छत्तीस होईल, साडेछत्तीसवालीला आम्ही सरळ नाही म्हणतो. बरेच लोक दोन्ही बाजूंची एकेक इंच माया बघून ‘चार इंच सुटेल’ असं धरतात आणि तिथे फसतात. दुसरं म्हणजे मायेत वर्क आहे का ते बघायचं. वर्क शिवणीपाशीच थांबलं असेल तर सोडल्यावर काखेखाली कोरी पट्टी दिसते, आणि जुन्या टीपेची भोकं तर रॉ सिल्क आणि सॅटिनवर दिसतातच, कितीही स्टीम द्या. वेलवेटवर रेघच राहते.

लेहेंग्याची उंची तर आणखी वेगळी. खाली बॉर्डर असते म्हणून कमी करायची ती वरून, नेफ्याकडून. पण कळ्या वर अरुंद आणि खाली रुंद असतात, त्यामुळे वरून दोन इंच कापले की कंबर मोठी होते आणि प्रत्येक कळी परत आत घ्यावी लागते, सोळा कळ्या असतील तर दिवसभराचं काम. वाढवायचा असेल तर फक्त वर पट्टी जोडता येते, आणि ब्लाऊज आखूड असेल तर ती पट्टी दिसते. म्हणून उंची आम्ही अनवाणी मापाने लिहितो, आणि मूळ नवरीने किती इंचाची हिल घातली होती ते पण.

अस्तराचं मात्र मी मनापासून सांगेन की तेच आधी बघा. बाहेरून लेहेंगा कसाही सजवता येतो, अस्तर खोटं बोलत नाही. एकदा एक राणी कलरचा आला, सुंदर काम, पण टांगल्यावर खालची कडा आत वळत होती. कारण कॉटनचं अस्तर घेराला खालपर्यंत जोडलेलं होतं आणि चिखल लागला म्हणून कुणीतरी घरी फक्त तेवढी कडा पाण्यात बुडवून धुतली, अस्तर आटलं आणि त्याने वरचं कापड ओढून घेतलं. अस्तर सुटं असतं तर काहीच झालं नसतं. ते मास्तरांनी काढून नवीन लावलं, पण आम्ही तसं लिहिलं, ‘अस्तर आमच्याकडे बदललंय’, आणि जुन्या अस्तराचा फोटो पण लावला, कारण ते पुसून टाकलं असतं तर घेणारीला त्या लेहेंग्याचा इतिहास कधीच कळला नसता.

तर शेवटी तो पिस्ता लेहेंगा. डाग निघाला नाही, दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा काका नको म्हणाले, सिल्क विरेल. दोन वर्षं तो तसाच होता. मग मास्तर म्हणाले, डाग शेजारशेजारच्या दोन कळ्यांवर आहे, बुट्टा सगळीकडे सारखा आहे, त्या काढून टाकू. सोळाच्या चौदा झाल्या, वर प्रत्येक कळी दोन इंचाची असल्याने कंबर बत्तीसवरून अठ्ठावीस झाली आणि घेर साडेचार मीटरवरून चारच्या थोडा आत आला. आम्ही हे लिहिलं :

‘पिस्ता, रॉ सिल्क, जरदोसी. नवरीने एकदा, जानेवारीत संध्याकाळी लॉनवर, साधारण साडेतीन तास. हिल तीन इंच, उंची अनवाणी ४१ इंच. मुळात १६ कळ्या, आता १४. काढलेल्या दोन कळ्यांवर लेमन सोड्याचा डाग होता, ड्रायक्लीन नंतर इस्त्रीने वर आला, त्यांचा फोटो शेवटी आहे. उरलेल्या कळ्या उजेडात तपासल्या, डाग नाही, तरी इस्त्री करू नका, फक्त स्टीम, उलट बाजूने. अस्तर क्रेपचं, मूळ, खाली सुटं, कडेला मातीची फिकट रेघ आहे. ब्लाऊज ३४, दोन इंच सुटतो, मायेत वर्क नाही, म्हणजे काखेखाली कोरी पट्टी येईल. ओढणीला डाव्या खांद्यावर पिनांची पाच भोकं.’

किंमत आधीच्या निम्म्याहून कमी ठेवली. नऊ दिवसांत कल्याणच्या एका मुलीने नेला, कंबर अठ्ठावीसच होती तिची. घेताना तिने फक्त एवढंच विचारलं की काढलेल्या दोन कळ्या आहेत का, तिला त्यातला चांगला भाग कापून बटवा शिवायचा होता. होत्या, दिल्या.