चार नंबरची खुर्ची

आमच्याकडे शनिवारी बुकिंग साडेआठचं असलं तरी माणसं आठ वीस ते पावणेनऊ या पंचवीस मिनिटांत येऊन बसतात, आणि सगळ्यांना एकदमच भूक लागलेली असते. त्या पंचवीस मिनिटांत ऑर्डरी कशा घेतल्या, यावर पुढचे दोन तास ठरतात. जुना वेटर एका टेबलाची ऑर्डर घेतो, मशीनवर टाकतो आणि मगच पुढच्या टेबलाकडे वळतो. नव्याला वाटतं, लोक ताटकळलेत, तर आधी सगळ्यांचं लिहून घ्यावं. तो तीन टेबलं पॅडवर घेऊन मशीनपाशी जातो. तिथे आधीच दोघं उभे असतात, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी पाणी मागतं.

त्या शनिवारी आमच्या नव्या पोराचं नेमकं हेच झालं. येऊन तीन आठवडे झाले होते, मधल्या वारी दोन-तीन टेबलं नीट सांभाळायचा. त्या रात्री एक माणूस कमी होता आणि मी त्याला पाच टेबलं दिली. कॅप्टन म्हणून तो निर्णय माझा होता.

चौदा नंबरच्या टेबलावर सहा जण होते. बसल्याबसल्याच एका बाईंनी त्याला सांगितलं, मला काजूची ॲलर्जी आहे, थोडासुद्धा चालत नाही. पोराने पॅडवर बरोबर लिहिलं: सीट ४, काजू नाही, आणि भोवती गोल केला. खुर्च्यांचे नंबर आम्ही दाराकडे पाठ असलेल्या खुर्चीपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजतो, म्हणजे प्लेट नेणाऱ्याला 'हे कुणाचं?' असं विचारावं लागत नाही. ही पद्धत त्याने आठवडाभरात आत्मसात केली होती, याचं मला कौतुक होतं.

चूक मशीनवर झाली. आमच्या मशीनवर पदार्थ निवडला की तो लगेच ऑर्डरीत जातो. सूचना लिहायची तर त्या पदार्थावर पुन्हा बोट ठेवून दुसरा पडदा उघडावा लागतो. 'तिखट कमी' आणि 'काजूची ॲलर्जी' दोन्ही त्याच चौकटीत, त्याच बारीक अक्षरात. ज्याने हे बनवलं त्याने शनिवारी रात्री ट्रे हातात धरून ते कधी वापरलं नसावं. पोराने चौदाचे सहा पदार्थ टाकले, सूचनेचा पडदा उघडायच्या आधी बारा नंबरने हाक मारली, तो पाणी देऊन आला आणि उरलेली ऑर्डर पाठवून दिली. किचनमध्ये केओटी, म्हणजे ऑर्डरीची चिठ्ठी, निघाली, तिच्यावर काजूचा शब्दही नव्हता. शेफने नेहमीसारखा पदार्थ केला. त्याच्या सॉसला घट्टपणा काजूच्या पेस्टने येतो, वर काहीच दिसत नाही. प्लेट रनरने नेली, केओटीवर होतं तसं चार नंबरपुढे ठेवली. किचन आणि रनर दोघांनी आपापलं काम अचूक केलं होतं. म्हणूनच वाटेत कुणालाही शंका यायचं कारण नव्हतं.

नऊ दहाला पोरगा नव्या टेबलाची ऑर्डर लिहायला पॅड उलटत होता आणि त्याला तो गोल दिसला. मी सर्व्हिस काउंटरपाशी उभा होतो. त्याचा चेहराच उतरला. शेजारी आमचा एक जुना वेटर होता, कामात वाघ, पण चूक झाकण्यातही तेवढाच तरबेज. पोराने एका वाक्यात झालेलं सांगितलं. तो म्हणाला, "चुकीची प्लेट आली म्हण आणि उचल. कारण कशाला सांगतोस?"

हा सल्ला आमच्या धंद्यात सर्रास दिला जातो. वाईट हेतूने नाही, पाहुण्याचा मूड जाऊ नये म्हणून. बदललेल्या पदार्थाच्या बाबतीत तो चालूनही जातो. ॲलर्जीत तो घातक आहे, कारण प्लेट उचलल्याने आत गेलेला घास बाहेर येत नाही, आणि आपण काय खाल्लं हे त्या माणसाला कळलंच पाहिजे.

पोरगा धावला नाही, पण सरळ गेला. मी मागोमाग. तो बाईंच्या बाजूला वाकून म्हणाला, "मॅडम, थांबा, हे खाऊ नका. यात काजू आहे. तुम्ही सांगितलं होतं, मीच किचनला कळवायचं विसरलो. तुम्ही खाल्लंय का?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "एक घास."

दोन मिनिटं काही नव्हतं. मग त्या म्हणाल्या, ओठ चुरचुरतायत. मानेवर लाल गांध्या उठल्या, त्या खोकायला लागल्या आणि आवाज घोगरा झाला. एवढ्यावरून समजायचं की हे नुसतं अंगाला खाज सुटणं नाही, श्वासापर्यंत जातंय. आपल्याला काजूने होतंय हे एव्हाना त्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे घास अडकला, ठसका लागला, असल्या तर्कात एक क्षणही गेला नाही. नवऱ्याने त्यांच्या पर्समधलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन काढलं आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनच, दिलं. मी अँब्युलन्सला फोन लावला. बाई उठून वॉशरूमकडे निघाल्या होत्या, नवऱ्याने उठू दिलं नाही. अशा वेळी रक्तदाब कोसळलेला असू शकतो, उभं राहिलं की माणूस खाली पडतो. श्वासाचा त्रास होता म्हणून आडवं न करता पाय लांब करून बसवलं. इंजेक्शनची वेळ पोराने पॅडवर टिपली, नऊ सतरा. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरं द्यावं लागतं, म्हणून ती वेळ लागते. दुसरं लागलं नाही. बरं वाटायला लागल्यावर त्या 'आता नको हॉस्पिटल' म्हणत होत्या, पण काही तासांनी त्रास उलटू शकतो, म्हणून अँब्युलन्समधून गेल्याच. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने फोन करून घरी आल्याचं कळवलं.

इकडे आणखी एक चूक होता होता राहिली. एका मुलाने ती प्लेट उचलून धुवायला नेली होती. शेफने ती परत मागवली, झाकून बाजूला ठेवली आणि त्यात काय काय होतं ते कागदावर लिहून अँब्युलन्सवाल्यांच्या हाती दिलं. हे मला सुचलं नव्हतं.

रात्री साडेबाराला पोराने नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहिलं: 'पॅडवर लिहिलं होतं, मशीनवर टाकलं नाही. प्लेट जाण्याआधी किचनला तोंडीही सांगितलं नाही.' मालकांनी त्याला काढायचं म्हटलं. मी वहीत त्याच्याखाली पाच टेबलांचं लिहिलं आणि सही केली. पोरगा राहिला.

आता ॲलर्जी असली की वेटर मशीनला हात लावण्याआधी आत जाऊन शेफला तोंडी सांगतो, शेफ ते मोठ्याने परत म्हणतो. हात धुऊन, वेगळ्या पॅनमध्ये, वेगळ्या पाटावर पदार्थ होतो. तळायचा असेल तर आम्ही नाही म्हणतो, कारण कढईतलं तेल एकच असतं. ती प्लेट रनर नेत नाही, ऑर्डर घेणाराच नेतो आणि ठेवताना 'यात काजू नाही' असं सांगतो. गर्दीत यातलं पहिलं पाऊल सगळ्यात आधी गळतं, हे मी गेल्या शनिवारीही पाहिलं. जुन्या वेटरकडूनच. मशीनवाल्यांना सूचनेची चौकट पहिल्या पडद्यावर आणायला सांगितलंय, अजून आलेली नाही. तोवर आठ ते दहा मी पासवरून, म्हणजे किचनमधून प्लेटा बाहेर येतात तिथून, हलत नाही. पोराकडे सध्या तीन टेबलं आहेत, आणि एकाची ऑर्डर टाकल्याशिवाय तो दुसऱ्याकडे जात नाही, कुणी कितीही हाका मारल्या तरी.