तुम्ही विचारलंत म्हणून: थडग्यावर आडवा झालेला योद्धा

"आमच्या दोघांसाठी मांडलेल्या टॅरो कार्डांच्या स्प्रेडमध्ये मधोमध फोर ऑफ सोर्ड्स आलं. त्यावर थडगं आहे हो. म्हणजे आमचं संपलं का?"

नाही, एवढ्यावरून मी तसं म्हणणार नाही. पामेला कोलमन स्मिथने 1909 मध्ये काढलेलं ते चित्र नीट बघा. थडग्यावर योद्ध्याचा पुतळा आहे, हात जोडलेले. तीन तलवारी वर भिंतीवर टांगलेल्या, टोकं खाली. चौथी थडग्याच्या अंगाला आडवी. एकही तलवार कुणाच्या हातात नाही आणि कुणाच्या अंगात घुसलेली नाही. हा कार्डांचा संच तिच्याकडून काढून घेणाऱ्या वेटने दिलेल्या अर्थांत थडगं आणि शवपेटी आहेच, ते मी लपवत नाही. पण त्याआधी माघार आणि एकांतही आहेत. गोल्डन डॉन या गूढविद्येच्या जुन्या मंडळाच्या परंपरेत तर हे कार्ड म्हणजे तूळ राशीतला गुरू, भांडणानंतरची विश्रांती.

विभक्त होणं मी या एका कार्डावरून वाचत नाही, शेजारची कार्डं बघते. एट ऑफ कप्समध्ये माणूस पाठ फिरवून चालू लागलेला असतो. इथला माणूस जागेवरच आहे.

मागे एक जोडपं आलं होतं. घराच्या कर्जावरून रोज रात्री जुंपायची. मी पाच कार्डं मांडली. ताईंच्या जागी पेज ऑफ सोर्ड्स, म्हणजे सतत सावध, तलवार उगारलेली. दादांच्या जागी टेन ऑफ वाँड्स, पाठ वाकलेली, समोरचं दिसतच नाही. मागे घडलेल्याच्या जागी थ्री ऑफ सोर्ड्स, तीन तलवारींनी छेदलेलं हृदय. मधे आपलं फोर, आणि पुढच्या वाटेवर सेव्हन ऑफ पेंटॅकल्स: कुदळीवर टेकून वेलाकडे बघत उभा शेतकरी. जखम मागच्या जागी होती, पुढच्या जागी निघून जाणारं कुणी नव्हतं. म्हणून मी विश्रांती म्हटलं. हेच थ्री पुढच्या जागी आलं असतं, तर मी इतक्या खात्रीने बोलले नसते.

ताईंनी लगेच विचारलं, "किती दिवस?" ते कार्ड सांगत नाही. मुदत त्या दोघांनी ठरवायची; नाहीतर विश्रांतीचा अबोला होतो, आणि ज्याला अजून बोलायचंय तो झुरत बसतो. त्यांनी तीन आठवडे ठरवले. तोवर कर्जाचा विषय काढायचा नाही, बाकी सगळं बोलायचं. तारीख ताईंनी तिथेच मोबाइलमध्ये टाकली.

एक मात्र आधी विचारते: घरात मारहाण किंवा धाक आहे का? असेल तर "थोडं थांबा" हे शब्द माझ्या तोंडून निघणार नाहीत, कार्ड कुठलंही येवो.

तुमच्या स्प्रेडमध्ये फोरच्या डाव्या-उजव्या बाजूला काय आलं होतं, ते कळवा.