मीटिंगच्या खरडीतून इतिवृत्त काढताना : सोसायटीच्या सेक्रेटरीचा अनुभव

मालवण तालुक्यातल्या एका मच्छीमार सोसायटीचा मी सेक्रेटरी. आधीचे सेक्रेटरी निवृत्त झाले आणि प्रोसिडिंग बुक माझ्या गळ्यात पडलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, सगळे मोकळे, त्यामुळे जुलैमधली व्यवस्थापक समितीची सभा सगळ्यात लांब चालते आणि आवाजही त्याच सभेत चढतात. त्याच सभेच्या खरडीवरून इतिवृत्त कसं तयार केलं ते सांगतो, त्यातला बर्फाच्या फॅक्टरीचा विषय जरा नीट बघण्यासारखा आहे.

आधी खरड कशी असते ते बघा, माझ्या डायरीतलं जसंच्या तसं:

बर्फ – कंप्रेसर आवाज – ३ कोटेशन – कुडाळ १,८५ – कणकवली १,६२ पण गणपतीनंतर – तिसरं भाच्याचं – १ ऑगस्टच्या आत पायजे – जेटीचे लाईट बंद – डिझेल उधारी कोण कोण – बघूया मगे – अण्णा बोलतील

मीटिंगमधे माणसं विषयपत्रिकेप्रमाणे बोलत नाहीत, बर्फावरून जेटीच्या लाईटवर जातात, तिथून डिझेलच्या उधारीवर आणि परत बर्फावर येतात, मी लिहिलं तेही त्याच क्रमाने. म्हणून पहिलं काम म्हणजे नोटीस समोर ठेवायची आणि लाल पेनने डायरीतल्या प्रत्येक ओळीच्या बाजूला विषयाचा नंबर टाकायचा. विषय १ म्हणजे मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, २ डिझेल उधारी, ३ बर्फ फॅक्टरीची दुरुस्ती, असं. जेटीचे लाईट कुठल्याच विषयात बसत नव्हते, मग ते शेवटच्या ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ मधे गेले आणि तिथेही फक्त चर्चा झाल्याचं लिहिलं, कारण ठराव झालाच नव्हता.

मग दुसरी फेरी, यावेळी पेन्सिलने. प्रत्येक ओळीला एक अक्षर, च म्हणजे चर्चा, नि म्हणजे निर्णय, का म्हणजे कोणीतरी करायचं काम. ज्या ओळीला यातलं काहीच लागत नाही ती इतिवृत्तात येत नाही. कोण कोणाला काय म्हणाला तेही येत नाही, विरोध नोंदवा असं कोणी स्वतःहून सांगितलं तर मात्र त्याच्या नावासकट येतो.

या फेरीत ‘बघूया मगे’ ला अक्षर लागेना. ‘अण्णा बोलतील’ ला का लावला, पण अण्णा कोणाशी, काय आणि कधीपर्यंत बोलणार, काही नाही. आमच्याकडे बघूया म्हणजे हो पण असतं आणि नाही पण, ते म्हणणाऱ्याच्या तोंडावरून कळतं, कागदावर कळत नाही. अशा ठिकाणी अंदाजाने ‘सर्वानुमते मंजूर’ लिहायचा मोह फार होतो कारण वाक्य तयारच असतं. तसं न करता मी अध्यक्षांना आणि खजिनदारांना वेगवेगळा फोन केला आणि दोघांना एकच प्रश्न विचारला, शेवटी ठरलं काय? कुडाळवाल्याला काम द्यायचं यावर दोघांचं जमलं, कणकवलीवाला स्वस्त असला तरी सीझन बर्फाशिवाय सुरू करता येत नाही हे कारणही दोघांनी सांगितलं. पण अध्यक्ष म्हणाले १,८५,००० मधे सगळं आलं, खजिनदार म्हणाले नाही, जीएसटी वेगळा आहे.

फाईलमधून कोटेशन काढलं. खाली बारीक अक्षरात, कर वेगळा, १८ टक्के. म्हणजे २,१८,३००. अध्यक्षांना सांगितलं तर ते म्हणतात, ‘मग घाल मरे दोन लाख अठरा, कोण इचारता!’

इचारता. ऑडिटर इचारता. आणि ऑडिटर सोडा, जो आकडा सभेत कोणी उच्चारलाच नाही तो इतिवृत्तात घालायचा अधिकार ना सेक्रेटरीला आहे ना अध्यक्षांना. इतिवृत्त म्हणजे सभेत झालं ते, व्हायला हवं होतं ते नाही. म्हणून १,८५,००० च लिहिले, आणि कराच्या वाढीव रकमेला मंजुरी घ्यायला त्याच आठवड्यात नोटीस काढून एका विषयाची छोटी सभा लावली. वर्क ऑर्डर त्या सभेनंतरच गेली. अध्यक्ष थोडे रागावले.

भाच्याच्या कोटेशनचंही असंच. समितीतल्या एका सदस्याच्या भाच्याने ते दिलं होतं, आणि विषय निघाल्या निघाल्या तो सदस्य म्हणाला होता, ‘माझो भाचो तो, मी काय बोलूचंय नाय.’ डायरीत मी नुसतं ‘भाच्याचं’ एवढंच लिहिलेलं, पण इतिवृत्तात हे वाक्य आलंच पाहिजे, उद्या कोणी बोट दाखवलं तर त्या माणसालाच त्याचा आधार. शेवटी विषय असा उतरला (नावं काढली आहेत, खऱ्या इतिवृत्तात पदाबरोबर पूर्ण नाव असतं):

विषय क्र. ३ : बर्फ फॅक्टरीच्या कंप्रेसरची दुरुस्ती.
चर्चा : तीन कोटेशन सभेपुढे ठेवली. एका सदस्यांनी एक कोटेशन नातेवाईकाचे असल्याचे सांगून चर्चेत व निर्णयात भाग घेतला नाही. कमी दराचे काम १ ऑगस्टपूर्वी होणार नसल्याने त्याचा विचार केला नाही.
ठराव : कुडाळ येथील कोटेशन रु. १,८५,००० प्रमाणे स्वीकारावे. सूचक, अनुमोदक. ठराव सर्वानुमते मंजूर.
कार्यवाही : दुरुस्तीची तारीख लेखी घेणे. जबाबदारी उपाध्यक्ष. मुदत २० जुलै.

जबाबदारीत ‘अण्णा’ चालत नाही, आमच्या समितीत दोन अण्णा आहेत. ‘समिती’ पण लिहायचं नाही, समितीवर टाकलेलं काम कोणीच करत नाही. दोघांनी मिळून करायचं असलं तरी नाव एकाचंच, दुसरा मदतीला. आणि ज्याचं नाव टाकतोय त्याला आधी विचारायचं, तारीखही त्याच्याच तोंडून घ्यायची. २० जुलै ही उपाध्यक्षांनी स्वतः फोनवर दिलेली तारीख आहे, सभेत तारीख ठरली नव्हती, म्हणून ती ठरावात न टाकता कार्यवाहीत टाकली.

हजेरीकडे पण लक्ष ठेवा. सुरुवातीला नऊ जण होते, गणपूर्ती झाली, पण साडेपाचला दोघे निघून गेले आणि बर्फाचा ठराव त्यानंतरचा. म्हणून ते कधी गेले ते लिहिलं आणि ठरावाच्या वेळी उरलेल्या सात जणांतही गणपूर्ती होते ना ते उपविधीत तपासलं.

हे सगळं आधी वर्डमधे टाईप करतो, मग पानांवर नंबर असलेल्या प्रोसिडिंग बुकात हाताने उतरवतो, अध्यक्षांची आणि माझी सही. खाडाखोड झालीच तर एक सरळ रेघ आणि बाजूला सही, व्हाईटनर कधीच नाही. कार्यवाहीच्या ओळी तेवढ्या वेगळ्या काढून काम, नाव, मुदत, स्थिती असा चार कॉलमचा तक्ता ग्रुपवर टाकतो, कारण पूर्ण इतिवृत्त कोण वाचत नाही पण स्वतःचं नाव तक्त्यात दिसलं की फोन येतोच, ‘माझ्यावर कशाला टाकलंस?’ तो फोन पुढच्या सभेआधी आलेला बरा, कारण तिथे विषय १ मधे इतिवृत्त कायम झालं की मग दुरुस्तीसाठी वेगळा ठराव करावा लागतो.